निर्यातदाराच्या दोरीवरची धुणी

वादिराज एक्स्पोर्टमध्ये आहे, हे वादिराजला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही घरी नाही, भाजीवालीकडे.

"सर, बोटीनं माल पाठवता म्हणे तुम्ही," कोवळी वांगी निवडून देत ती म्हणाली, "आणि माझ्याकडे कढीपत्ता फुकट मागता?"

त्याच्या कडेवर कार्तिकेय, बोटाला साईप्रिया, दुसऱ्या हातात पिशवी. मोकळं काय ते तोंड होतं. ते त्यानं उघडलं आणि घरापर्यंत तसंच उघडं ठेवलं.

घरी सासरे झोपाळ्यावर बसले होते. सीतारामराव ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून धाकट्या विनुताबरोबर तिकडेच राहत, आणि आता दोघं नवरात्रासाठी तंजावरला थोरल्या लेकीकडे, म्हणजे वादिराजच्या बायकोकडे, सुप्रभाकडे आले होते.

"मामा," वादिराजनं पिशवी खाली ठेवत विचारलं, "मी एक्स्पोर्टमध्ये आहे का?"

झोपाळा थांबला. "आहात, मापिळ्ळै." जावयाला ही तमिळ हाक ते एरवीही मारत, पण आज तिच्यात तूप जास्त होतं. "विजयादशमीपर्यंत."

"काय पाठवतो मी?"

"बाहुल्या. मान डोलावणाऱ्या."

"कोठे?"

"जर्मनीला. लांबचा देश बरा. सिंगापूर म्हटलं तर आपल्याच गल्लीत कोणीतरी तिथून आलेलं निघतं."

आता खरं काय होतं, तेही सांगून टाकू. त्यात झाकण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी सगळं झाकलेलं होतं.

वादिराज एका रंगाच्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी होता. महिन्यातले बहुतेक दिवस तो बसमध्ये, मांडीवर रंगांच्या पट्ट्यांची बॅग. सुप्रभा बँकेत ऑफिसर, रोज सकाळच्या गाडीनं पापनाशमला जायची. साईप्रियाला वाढवलं सुप्रभाच्या आईनं, आणि ते इतकं गुपचूप वाढवलं की मूल आपोआप वाढतं असंच सगळ्यांना वाटलं. मग आई गेली. मग कार्तिकेय आला. रजा संपत आली. एक बाई ठेवली, ती बाळाला झोपवायला अफूचा थेंब द्या म्हणू लागली. दुसरी ठेवली, ती गावच्या जत्रेला गेली ती जत्रेतच राहिली.

"मी राजीनामा देते," सुप्रभा म्हणाली. तिच्या जिभेवर तेच वाक्य तयार होतं.

"का?" वादिराजनं विचारलं.

तिनं उत्तर शोधलं. त्यानंही शोधलं. नोकरी तिची पक्की, पेन्शनची, पुढे बढती. त्याची आज आहे, उद्या कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली की नाही. फिरतीचा त्याला कंटाळा, पोरांचा लळा. कारणं सगळी एकाच बाजूला येऊन बसली, दुसऱ्या बाजूला फक्त 'लोक'. दोघांना एकदम हसू फुटलं. राजीनामा वादिराजनं दिला.

तेव्हापासून त्याची पहाट नळाच्या सुस्काऱ्यानं उजाडे. पाणी आलं की आधी पिण्याचं, मग वापरायचं, मग दुपट्यांचं. दूध तापेपर्यंत कुकर, कुकर होईपर्यंत साईप्रियाच्या वेण्या, दुसऱ्या वेणीला बाळ उठणार हे ठरलेलं, म्हणून दुसरी वेणी नेहमी सैल. सुप्रभाचा डबा, साईप्रियाची रिक्षा, गॅसचा नंबर, लसीचा डोस कुठला झाला आणि कुठला राहिला, कुठल्या बाळोत्यावर पुरळ येतं, डोशाचं पीठ आज किती आंबेल. हे सगळं त्याच्या डोक्यात एकसारखं दळत असे, ग्राइंडर बंद झाला तरी. काम असं की केलं तर कोणाला दिसत नाही, राहिलं तर अख्ख्या गल्लीला दिसतं.

ग्राइंडरपाशी तो आजीच्या ओव्या म्हणे. आजी जात्यावर म्हणायची त्याच चालीत, दगडाच्या घरघरीवर. शब्द मात्र त्याचे:

उडदाचं पीठ फुगे, भांड्यात मावेना,
बाप घरात राहिला, लोकांना साहवेना.

लोकांना खरंच साहवत नव्हतं. पण कोणी अंगावर येऊन काही बोलत नसे, सगळं बाजूबाजूनं. डोस द्यायला नेलं तर नर्स बाळाकडे बघून विचारी, "आई कोठे?" आणि कार्डावरच्या सूचना त्याच्या डोक्यावरून मागच्या बाईला सांगे. बालवाडीत 'मातांची सभा' असे, तो लहानशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसे, आणि बाई सुरुवात करत, "सगळ्या अम्मांनी लक्ष द्यावं." नळावर तो गेला की बायकांचं बोलणं मध्येच तुटे. सलूनमध्ये तो गेला की पुरुषांचं बोलणं मुद्दाम सुरू होई. शेजारचे भीमसेन रोज फाटकावरून विचारीत, "काय वादिराज, रजा अजून चालूच?" तिकडे सुप्रभाला बँकेत विचारत, "नवऱ्याला काय खाऊ घातलंस गं?" ती म्हणे, "तोच मला घालतो." ते हसत, तीही हसे, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसे.

लाज वादिराजलाही शिवली होती. गच्चीवर लख्ख ऊन पडे, पण गच्ची रस्त्यावरून दिसे. म्हणून तो धुणं मागच्या अंगणात वाळत घाली, विहिरीपाशी, भिंतीआड. तिथं ऊन उशिरा येई आणि लवकर जाई. दुपटी पुरती वाळायची नाहीत, तो पुन्हा पुन्हा उलटायचा. लाजेपायी त्याचं काम दुप्पट झालं होतं, पण हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता जर्मनी.

"मामा, पण का?"

सीतारामरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं विनुता उभी होती, हातातला पदर पिळत.

"भावोजी," ती म्हणाली, "त्रिचीच्या कृष्णाजींचा मुलगा, हरिप्रसाद. आम्ही कॉम्प्युटरच्या क्लासला बरोबर होतो." एवढं बोलून ती लाल झाली. पुढचं सीतारामरावांनी सांगितलं. स्थळ उत्तम. मुलाला चेन्नईत नोकरी. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून मुदतीआधीच बाहेर पडलेले, आता कन्सल्टन्सी करतात. घरी दोन कामवाल्या, शिवाय मुलाच्या आईला बरं नसतं म्हणून नर्स. मुलाची आत्या राजम मोठी कडक. तिनं पहिलाच प्रश्न विचारला होता, थोरला जावई काय करतो?

"माझ्या तोंडून निघून गेलं, एक्स्पोर्ट," सीतारामराव म्हणाले. "हल्ली सगळे तेच करतात."

पाहण्याचा कार्यक्रम नवरात्रात करत नाहीत. पण कोलू पाहायला कोणीही येऊ शकतं. पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायच्या, गाणं म्हणायचं, हरभऱ्याचं सुंडल खायचं, हळदीकुंकू घेऊन जायचं. त्या निमित्तानं अष्टमीला मंडळी येणार होती.

"तुम्हाला वाईट वाटत असेल तर नको, भावोजी," विनुता म्हणाली. "मी सांगेन काय ते खरं."

वादिराजनं तिच्याकडे पाहिलं. साईप्रिया तापानं फणफणली होती तेव्हा रात्र जागून मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलणारी ही विनुताच. "एका दुपारचा तर प्रश्न," तो म्हणाला. "जर्मनी काही लगेच बुडत नाही."

आता थट्टा अशी की अफवेला पुरावा खुद्द देवीनंच पुरवला. सासूबाईंच्या बाहुल्यांच्या लाकडी पेट्या माळ्यावरून काढून वादिराजनं ओसरीवर उघडल्या. पेंढा उडाला, कागद पसरले, त्यातून राजा-राणी, वाणी-वाणीण, मान डोलावणाऱ्या नर्तकी एकेक करून बाहेर आल्या. फाटकावर भीमसेन थबकले.

"अय्यो, एवढा माल!" ते म्हणाले. आवाजातली रजा एका क्षणात संपली होती. "वादिराजराव, तुम्ही बोलला नाहीत कधी! आमच्या थोरल्याला पॅकिंगला घ्या की."

त्या दिवसापासून गल्ली वादिराजला वाट देऊ लागली. सलूनमध्ये खुर्ची मिळाली. तीच लुंगी, तेच कडेवरचं पोर, पण आता लोक म्हणत, एवढा मोठा माणूस, तरी मुलांना वेळ देतो! वादिराजला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं, ग्राइंडरच्या आवाजाआड.

साईप्रियाला आजोबांनी पढवलं. "अप्पा काय करतात?"

"स्वयंपाक," साईप्रिया म्हणाली.

"हळू! असं मोठ्यानं बोलायचं नाही. अप्पा एक्स्पोर्ट करतात. म्हण."

"अप्पा एक्स्पोर्ट करतात," ती म्हणाली, आणि मग कुजबुजत, "स्वयंपाक कोण करतं मग?"

"अम्मा."

साईप्रिया पोट धरून हसली.

अष्टमीला सुप्रभानं रजा काढली. सुंडल वादिराजनं पहाटेच करून ठेवलं, हरभरे रात्री भिजवलेले, वर खोबरं, कैरीचे तुकडे. मग त्यानं खळीची वेष्टी, म्हणजे आपलं धोतर, नेसली, हातात इंग्रजी पेपर धरला आणि सोफ्यावर बसला. सुप्रभानं कंबरेला पदर खोचला आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी उभी राहिली.

"हिंग कोठे असतो?" तिनं हळूच विचारलं.

"चहाच्या डब्यात."

"आणि चहा?"

"तो हिंगाच्या डब्यात वास लागेल म्हणून बोर्नव्हिटाच्या."

"देवा," सुप्रभा म्हणाली, "तुझी बँक माझ्या बँकेपेक्षा अवघड आहे."

त्यात कार्तिकेयला दात येत होते. सकाळपासून पोट बिघडलेलं. दुपटी धुऊन मागच्या दोरीवर टाकली होती, त्याच्या झोळीची लांबलचक साडीही. तमिळ घरांत जशी छताच्या कडीला साडी बांधून तिच्यात बाळ झोपवतात, तशी ती झोळी होती, आणि आज ती पार ओली झाली होती. "मागचं दार लावून घ्या," सीतारामराव म्हणाले, "तिकडे कोणाला फिरकू देऊ नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोलूवरच्या बाहुल्यांनीही, वारा सुटला होता.

मंडळी आली. आधी राजम आत्या, जरीचं पातळ आणि चष्म्यावरून बघणारे डोळे. मागून हरिप्रसाद, दाराच्या चौकटीला डोकं आपटून. शेवटी कृष्णाजी, उंच, कृश, इस्त्रीच्या शर्टात. बसल्याबसल्या त्यांनी घड्याळ पाहिलं.

"कन्सल्टन्सीची कामं," राजम आत्या कौतुकानं म्हणाल्या. "क्षणभर चैन नाही आमच्या कृष्णाला."

"आमच्या मापिळ्ळैंना तरी कोठे आहे?" सीतारामराव म्हणाले. "जर्मनीत आता सकाळ झाली असेल."

वादिराजनं पेपर उलटला. कृष्णाजींनी घसा साफ केला.

"एक्स्पोर्टमध्ये," ते म्हणाले, "त्रास असेल बराच?"

"असतो," वादिराज म्हणाला. "तुमच्या कन्सल्टन्सीत?"

"असतो."

दोघांनी कॉफीचा घोट घेतला आणि इतक्या समजुतीनं एकमेकांकडे पाहिलं की सीतारामराव सुखावले. बोलणं छान चाललं आहे असं त्यांना वाटलं.

विनुतानं कोलूसमोर गाणं म्हटलं. हरिप्रसाद बाहुल्या बघत होता, म्हणजे बाहुल्यांमागच्या आरशात विनुताला बघत होता. राजम आत्यांनी सुंडलचा द्रोण हातात घेतला. "सुप्रभा, नोकरी करून एवढं सगळं करतेस? पुरुषमाणूस बाहेर कर्ता असला की बाईला घरात हुरूप येतो, नाही?" सुप्रभा हसली. ते हसू वादिराजच्या ओळखीचं होतं, परतीच्या गाडीतलं.

आणि तेव्हा ते झालं.

बाहेर पत्र्यावर एक थेंब वाजला. टप्. मग दुसरा. आश्विनातली एक आगाऊ सर, ऊन तसंच ठेवून आलेली. खोलीत कोणाच्याही कानावर ती पडली नाही. सीतारामराव बोलत राहिले, राजम आत्या चावत राहिल्या, सुप्रभासुद्धा द्रोण भरत राहिली.

दोन पुरुष मात्र उभे राहिले. एकदम, चाबूक वाजावा तसे. वादिराजच्या मांडीवरचा पेपर उडाला, कृष्णाजींची कॉफी सांडली. एकही शब्द न बोलता दोघे मागच्या दाराकडे धावले, मधल्या खोलीत एकमेकांना आपटले, दोघांनी एकदमच कडी काढली आणि अंगणात बाहेर पडले.

वादिराजनं ह्या टोकाकडून दुपटी ओढायला घेतली. वळून बघतो तर त्या टोकाला कन्सल्टंट. तोंडात लाकडी चिमटे धरलेले, डाव्या खांद्यावर दुपट्यांची चळत, उजव्या हातानं चिमटा काढायचा, तोंडात ठेवायचा, कापड झटकून खांद्यावर. एकही कापड भुईला लागत नव्हतं. असं धुणं काढायला माणूस एका दिवसात शिकत नाही.

सगळं मागच्या ओसरीखाली आलं. दोघे धापा टाकत उभे राहिले. कृष्णाजींच्या तोंडात अजून चिमटे होते, त्यामुळे वादिराजनंच आधी विचारलं.

"कोणासाठी?"

कृष्णाजींनी चिमटे काढले. "सरोजासाठी," ते म्हणाले. "माझी बायको. अर्धं अंग गेलं तिचं. दिवसाला सात-आठ चादरी निघतात. रबराच्या शीटवर जाड कापड, त्यावर मऊ. मऊ ओलं राहिलं की पाठीला जखम होते. दोन तासांनी कूस बदलायची. आज तिची बहीण येऊन बसलीय, पण तिला काही कूस बदलायला जमत नाही, नुसती ओढते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आणि नर्स टिकलीच नाही. ती यायची, सरोजा लाजायची. मग मीच नोकरी सोडली."

"आणि कन्सल्टन्सी?"

"हरिप्रसादला सुचली. मुलगा बिचारा लाजेनं मरत होता, बाप बेडपॅन धुतो म्हणून कसं सांगायचं. आणि तुमची जर्मनी?"

"माझ्या सासऱ्यांना सुचली."

निर्यातदार आणि कन्सल्टंट भिंतीला टेकून, ओल्या दुपट्यांत तोंड दाबून, आवाज बाहेर जाऊ न देता असे हसले की विहिरीवरचं कबुतर उडालं.

"हे तुम्ही इथं का वाळवता?" डोळे पुसत कृष्णाजींनी विचारलं. "इथं ऊन कोठे?"

"गच्ची रस्त्यावरून दिसते."

"हं," कृष्णाजी म्हणाले. "मी पहाटे अंधारात वाळत घालतो. शेजारी उठायच्या आत."

मग ते सावध झाले. शर्ट नीट केला. "हे बघा, वादिराज. राजमक्काला यातलं काही माहीत नाही. आपण आत जाऊ, म्हणू, माल बघत होतो. तुमचं माझ्यापाशी राहील, माझं तुमच्यापाशी. पोरांचं लग्न होऊन जाऊ दे."

वादिराजला ते पटलं. अगदी पटलं. त्यानं दुपटी कोपऱ्यात ठेवायला हात पुढेही केला.

दारात साईप्रिया उभी होती. पाय एकमेकांवर दाबून. ती जवळ आली, त्याचं धोतर ओढलं आणि इतक्या हळू बोलली की त्याला खाली वाकावं लागलं.

"अप्पा, एक्स्पोर्ट थोडा वेळ थांबवा ना. मला शू लागलीय. आणि अम्माला माझ्या परकराची गाठ सुटत नाही."

गाठ त्यानं सोडली. ती न्हाणीघरात पळाली. पण तो तसाच वाकलेला राहिला. पोरगी कुजबुजली होती. ही पोरगी कधी कुजबुजत नसे. अप्पा, भूक, अप्पा, शू, सगळं गल्लीला ऐकू जाईल असं. आजोबांनी शिकवलेलं तिनं नीट लक्षात ठेवलं होतं. अप्पांबद्दल बोलायचं झालं तर हळू.

दुपटी त्यानं कोपऱ्यात ठेवली नाहीत. पुन्हा उचलली आणि तो आत निघाला.

"अहो!" कृष्णाजी मागून म्हणाले.

मधल्या दारात वादिराज थांबला. समोर सगळे होते, पण त्यानं फक्त विनुताकडे पाहिलं. लग्न तिचं होतं, कारभार त्याचा नव्हता. विनुतानं त्याच्या हातातलं ओझं पाहिलं. त्याच्यामागे उभ्या कृष्णाजींचा भिजलेला खांदा पाहिला, त्या खांद्यावर विसरलेलं एक दुपटं पाहिलं. तिला काय ते कळलं. तिनं एकदा हरिप्रसादकडे नजर टाकली, आणि कोलूवरच्या बाहुलीसारखी हळूच मान डोलावली.

वादिराज कोलूसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला आणि दुपटी घडी करू लागला.

"आत्या," तो म्हणाला, "मी एक्स्पोर्टमध्ये नाही. मी घरी असतो. मुलं सांभाळतो, सैपाक करतो, धुणी धुतो. सुप्रभा नोकरी करते, तिच्यावर घर चालतं, आणि माझ्यावरही चालतं. सुंडल मी केलंय. विनुताचा यात काही दोष नाही."

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. सीतारामरावांनी डोळे मिटून घेतले, कचेरीत साहेब ओरडू लागले की मिटायचे तसे.

राजम आत्यांनी द्रोण खाली ठेवला. "म्हणजे बायको कमावते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही बसून खाता."

"बसायला मिळत नाही हो, आत्या," वादिराज म्हणाला. "तेवढं सोडलं तर बरोबर आहे."

सुप्रभा खुदकन हसली. आज पहिल्यांदाच तिचं स्वतःचं.

घड्या होत आल्या. शेवटी झोळीची साडी उरली. सहा वार ओलसर सुती साडी. ती एकट्याला नीट घडी करता येत नाही, तिला दोन माणसं लागतात. वादिराज एक टोक हातात धरून उभा राहिला. सुप्रभानं पाऊल उचललं, पण तिच्याआधी दारातून एक उंच माणूस पुढे आला. कृष्णाजींनी खाली लोंबणारं दुसरं टोक उचललं, काठाला काठ जुळवला आणि मागे सरत सरत पार राजम आत्यांच्या खुर्चीपर्यंत गेले. साडी ताणली. झटकली. फट्! कोलूवरच्या सगळ्या नर्तकी डोलू लागल्या.

दोघे एकमेकांकडे चालत आले, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. जणू दिवाणखान्यात फेर धरला होता. साईप्रिया न्हाणीघरातून येऊन मध्येच साडीखालून पळत गेली आणि ओरडली, "पुन्हा! पुन्हा!"

राजम आत्यांचे डोळे घडीवर नव्हते, घडी घालणाऱ्या हातांवर होते.

"कृष्णा," त्या म्हणाल्या, "नर्स नाहीये का?"

"नर्स मीच, अक्का."

"दोन वर्षं मला फोनवर सांगतोयस, नर्सचा हात फार हलका आहे, सरोजाच्या पाठीला एक जखम नाही म्हणून!"

"नाहीये, अक्का," कृष्णाजी म्हणाले. "एकही नाही."

राजम आत्या चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, खूप वेळ, एकच काच. तेवढ्यात आतून कार्तिकेयनं भोकाड पसरलं, आणि सुप्रभा त्याला घेऊन बाहेर आली. हरिप्रसाद उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं वडिलांकडे बघायचं टाळलं, मग बघितलं, आणि मग न सुचून बाळासाठी हात पुढे केले. बाळ त्यानं असं धरलं की जणू कोणी त्याच्या हातात भरलेली घागर दिली होती.

"खालून धर रे, खालून!" वादिराज आणि कृष्णाजी एकाच सुरात ओरडले.

"ह्याला शिकवावं लागेल बरंच," विनुता हळूच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, हळू कशाला. "शिकवावं लागेल!" ती मोठ्यानं म्हणाली. हरिप्रसाद म्हणाला, शिकतो, आणि कार्तिकेय त्याच्या नव्या शर्टावर ओकला.

आता राजम आत्यांच्या तोंडाकडे सगळ्यांचे डोळे. कृष्णाजींचेही, अजून साडी छातीशी धरलेली.

"सुंडलमध्ये मीठ कमी आहे," राजम आत्या म्हणाल्या.

"हो, आत्या."

"पुन्हा थोडं घाला." द्रोण पुढे झाला. "आणि सरोजासाठी बांधून द्या. मीठ तिला तसंही कमीच चालतं." एवढं बोलून त्या विनुताकडे वळल्या. "मुली, कुंकू आण. आमच्या घरी यायचंय ना तुला? उगाच उशीर नको, कृष्णाला घरी जाऊन सरोजाची कूस बदलायचीय."

विनुता कुंकवाचा करंडा आणायला धावली आणि जाताना भावोजींच्या पायावर पाय देऊन गेली. सीतारामरावांनी एक डोळा उघडला.

"मापिळ्ळै," ते खोल आवाजात म्हणाले, "जर्मनीला काय कळवायचं?"

"कळवा, मामा," वादिराज म्हणाला, "माल घरातच खपला."

बाहेर पत्र्यावरचं वाजणं थांबलं होतं. ऊन पुन्हा पिवळं होऊन खिडकीत आलं. वादिराजनं आणि कृष्णाजींनी एकदमच वर पाहिलं, आणि एकदमच घातलेल्या घड्यांकडे. सगळं अजून ओलसर होतं. घडी घालून ठेवलं तर कुबट वास सुटला असता.

"मागे नको," कृष्णाजी म्हणाले. "तिकडचं ऊन गेलं."

वादिराजनं दुपट्यांची चळत उचलली आणि जिना चढू लागला, गच्चीकडे. मागून कृष्णाजी साडी घेऊन, तोंडात चिमटे. मागून साईप्रिया, प्रत्येक पायरीवर ओरडत, "अप्पा धुणं घालतात! अप्पा धुणं घालतात!" तिला गप्प करायला कोणी उठलं नाही. सुप्रभानं फक्त जिन्याखाली उभं राहून कंबरेला खोचलेला पदर सोडला आणि कोलूसमोरचं निरांजन सारखं केलं.

वर दोरी नव्हती. मग कृष्णाजींनी झोळीच्या साडीचं टोक पाण्याच्या टाकीला बांधलं, वादिराजनं दुसरं कठड्याच्या खांबाला. आणि त्या साडीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, एकेक दुपटं.

खालून भीमसेननी मान वर केली. "वादिराजराव, हे काय? सँपल का?"

"नाही हो," वादिराज कठड्यावरून म्हणाला, "बाळोती. या वर, हात लावा. तुमच्या थोरल्यालाही घेऊन या."